आत्ता कुठे काम करतो, ते कुठे लिहिलंय?

चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांना माणसं मिळवून देणं हे माझं काम. क्वालिटी इंजिनिअर, प्रॉडक्शन सुपरवायझर, मेंटेनन्सची मुलं अशा जागा असतात. जाहिरात टाकली की एका जागेला शेकड्यांनी रेझ्युमे येतात. पहिल्या फेरीत ते कुणी वाचत नाही, डोळ्यांखालून घालतो. उमेदवाराला हे ऐकून वाईट वाटतं, पण संध्याकाळपर्यंत कंपनीला आठ-दहा नावं पाठवायची असतात, तेव्हा दुसरा मार्ग नसतो.

या पहिल्या नजरेत आम्ही काय शोधतो, हे ठरलेलं असतं. माणूस आत्ता कुठल्या कंपनीत आहे, कुठल्या हुद्द्यावर आहे, तिथे कधीपासून आहे, त्याआधी कुठे होता, आणि शिक्षण काय. रेस्डेक्स या उमेदवारांच्या डेटाबेसवर यादी उघडली की प्रत्येकाच्या नावाखाली आधी अनुभव, पगार, गाव, मग सध्याची नोकरी, आधीची नोकरी, शिक्षण असं येतं. दिवसभर तेच बघितल्यामुळे आमचा डोळा त्या क्रमाला सरावलेला असतो. अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळाने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेऊन २०१२ साली सांगितलं होतं, की पहिल्या पाहणीला साधारण ६ सेकंद मिळतात. २०१८ साली त्यांनीच पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा ७.४ सेकंद आला. लोक हा आकडा ‘रेझ्युमे सात सेकंदांत वाचतात’ असा सांगत फिरतात, ते बरोबर नाही. पुढे न्यायचा की बाजूला ठेवायचा, एवढंच त्या सेकंदांत ठरतं. पुढे नेलेला रेझ्युमे आम्ही नीट वाचतो, दोनदा वाचतो.

गेल्या काही वर्षांत रेझ्युमेंचं रूप फार बदललं. डावीकडे गडद निळी पट्टी, त्यात गोल फोटो, फोन आणि ईमेलच्या जागी छोटी चित्रं, कौशल्यांपुढे भरलेल्या-रिकाम्या पट्ट्या. उजवीकडे राहिलेल्या जागेत बाकीचा माणूस. ‘मॅडम, टेम्प्लेट पैसे देऊन घेतलंय,’ असं एका मुलाने मला मोठ्या विश्वासाने सांगितलं होतं. ऑफिसातही दोन तट होते. काहींना हे रेझ्युमे नीटनेटके आणि आधुनिक वाटायचे, तर काहींना जुना साधा, एका रकान्याचा बायोडेटाच बरा वाटायचा. वाद आवडीनिवडीवर चालला होता आणि आवडीनिवडीचा वाद कधी मिटत नाही. शेवटी आम्ही ठरवलं, की कुठला आवडतो हे विचारायचंच नाही. कुठल्यात माहिती लवकर सापडते, एवढंच बघायचं.

दोन्ही रेझ्युमे पीडीएफ म्हणून समोर ठेवता आले असते, पण मग एकजण पान मोठं करतो, दुसरा खाली सरकवतो, तिसरा थेट शोधपट्टीत शब्द टाकतो. वर्डची फाइल असेल तर एका संगणकावरचा फाँट दुसऱ्यावर नसतो आणि ओळी सरकतात. म्हणून आम्ही दोन्हींची चित्रं केली, दोन्ही ए-फोर आकाराची आणि सारख्याच रेझोल्यूशनची. पडद्यावर पूर्ण पान एका वेळी दिसेल आणि अक्षर तरीही वाचता येईल, एवढा आकार ठेवला. चित्र असलं की सगळ्यांना अक्षरशः एकच पान दिसतं. त्याचा आणखी एक फायदा आहे, चित्र धूसर करता येतं. त्याबद्दल पुढे सांगते.

नोकऱ्यांचा आणि शिक्षणाचा मजकूर मात्र दोन्हीकडे शब्दशः सारखा हवा. नाहीतर तुलना मांडणीची राहत नाही, माणसांची होते. आम्ही एक काल्पनिक उमेदवार घेतला. मेकॅनिकल डिप्लोमा, क्वालिटीमध्ये सहा-सात वर्षं, आधी एका फोर्जिंगच्या कारखान्यात, आता ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सीएमएम चालवता येतं, पीपॅपची कागदपत्रं केली आहेत, आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटला बसलेला आहे. आमच्याकडे रोज येणारा माणूस. इथे एक अडचण लगेच दिसली. ज्याने हा रेझ्युमे एका मांडणीत बघितला, त्याला दुसऱ्या मांडणीत उत्तरं आधीच माहीत असणार. म्हणून त्याच्यासारखाच दुसरा उमेदवार तयार केला. वर्षं, कंपन्या, शिक्षण वेगळं, पण ओळींची संख्या आणि लांबी जवळजवळ तीच. निम्म्या लोकांना रंगीत आधी दाखवला, निम्म्यांना साधा आधी. कुणाला कुठला उमेदवार कुठल्या मांडणीत दिसणार, हेही आलटूनपालटून ठेवलं. एवढं केलं नाही, तर दुसऱ्यांदा बघताना हात बसलेला असतो आणि दुसरी मांडणी उगाच जिंकते.

प्रश्न चित्राच्या आधी विचारायचा, मग चित्र उघडायचं आणि उत्तर तोंडून येईपर्यंत घड्याळ लावायचं. ‘सध्याची कंपनी आणि हुद्दा?’ ‘तिथे किती दिवस झाले?’ ‘त्याआधीची नोकरी सोडल्यावर मध्ये खंड आहे का?’ ‘शिक्षण?’ उत्तर चुकलं तर तेही लिहून ठेवायचं, कारण पटकन दिलेलं चुकीचं उत्तर आमच्या कामात उशिरा दिलेल्या बरोबर उत्तरापेक्षा महाग पडतं. आणखी एक वेगळी फेरी केली. चित्र पाच सेकंद दाखवून झाकायचं आणि ‘काय लक्षात राहिलं?’ एवढंच विचारायचं.

साध्या मांडणीत सध्याच्या कंपनीचं नाव बहुतेकांनी चित्र उघडताच सांगितलं. रंगीत मांडणीत त्याच प्रश्नाला ठळकपणे जास्त वेळ लागत होता. सगळ्यात मोठा फरक तारखांच्या प्रश्नात पडला. माझी एक सहकारी पंधरा वर्षं याच कामात आहे, तिच्यासारखी पटकन रेझ्युमे बघणारी मी पाहिलेली नाही. तिच्या शेजारी बसून मी पडद्यावर तिचा माउस बघत होते. रंगीत चित्र उघडलं. माउस फोटोवर गेला, तिथून नावावर, मग उजवीकडे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’च्या परिच्छेदावर. तो तिने वगळला. खाली ‘अनुभव’ सापडला, कंपनीचं नाव सापडलं. आता तारीख हवी होती. माउस त्या ओळीच्या उजव्या टोकाला गेला, तिथे काही नव्हतं. मग कंपनीच्या खालच्या ओळीत, तिथे हुद्दा होता. मग परत डावीकडे. तारखा तिथे होत्या, एका उभ्या रेषेला चिकटून, करड्या रंगात, बारीक अक्षरात. टेम्प्लेट करणाऱ्याने ती कालरेषा हौसेने काढली होती. ‘अगं, ही तारीख या कंपनीची की वरच्या?’ असं तिने मला विचारलं. कालरेषेवरचा ठिपका दोन नोकऱ्यांच्या बरोबर मध्ये आला होता, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

हे असं का होतं, ते कळायला डोळा कसा चालतो ते थोडं माहीत हवं. वाचताना नजर सरकत जात नाही, ती उड्या मारते आणि थांबते. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा. म्हणजे सात सेकंदांत मिळतात तीसच्या आत-बाहेर थांबे. प्रत्येक थांब्यात स्वच्छ दिसणारी जागा फार लहान असते. नेहमीच्या अंतरावरून पडद्याकडे बघताना ती जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद भरते. ए-फोर पान एकवीस सेंटिमीटर रुंद आहे. बाकीचं पान डोळ्याच्या कडेने, अंधुक दिसतं, आणि पुढची उडी कुठे मारायची ते त्या अंधुक चित्रावरूनच ठरतं. कंपनी एका रकान्यात आणि तिची तारीख दुसऱ्यात, अशी मांडणी असली की प्रत्येक नोकरीला निदान दोन-तीन थांबे जास्तीचे जातात, आणि दोन्हींची जोडी जुळवायला डोकं लागतं ते वेगळंच. तीस थांब्यांतले दहा असे गेले, तर शिक्षणाच्या ओळीपर्यंत नजर पोचतच नाही.

ते अंधुक चित्र डोळ्यांसमोर आणता येतं, आणि रेझ्युमेचं चित्र केल्याचा खरा उपयोग मला इथे झाला. आमच्या ओळखीच्या एका डिझायनरने सांगितलं, की दोन्ही चित्रं एकाच प्रमाणात धूसर करा. अक्षर वाचता येणार नाही, पण ठोकळे दिसतील इतकी. फोटो सुधारण्याच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये हे होतं, त्यात गॉशियन ब्लर म्हणून पर्याय असतो. मग दोन्ही शेजारी ठेवली. साध्या पानात वर नावाचा जाड पट्टा दिसत होता. डाव्या कडेने खाली उतरत जाणारे जाड तुकडे होते, त्या कंपन्या आणि हुद्दे. प्रत्येक तुकड्याच्या थेट समोर, उजव्या कडेला एक छोटा तुकडा, ती तारीख. अक्षर न वाचताही त्या पानाचं हाड दिसत होतं. रंगीत पान धूसर केल्यावर उरली ती गडद निळी पट्टी, तिच्यात चेहऱ्याचा गोल आणि कौशल्यांच्या पट्ट्या. जिथे माणसाच्या सात वर्षांच्या नोकऱ्या लिहिल्या होत्या, तो उजवा भाग सपाट करडा झाला होता. पानातला सगळा जोर, ज्यांना आम्ही पहिल्या फेरीत हातही लावत नाही त्या गोष्टींवर खर्च झाला होता.

कौशल्यांच्या पट्ट्यांबद्दल मला मनापासून राग आहे, तो इथेच सांगून टाकते. ‘ऑटोकॅड’पुढे पाचातले चार ठिपके भरलेले म्हणजे काय? कशाचे चार? पाच सेकंदांच्या फेरीत लोकांना त्या पट्ट्या आठवत होत्या, पण त्यांच्यासमोर कुठलं कौशल्य होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्याच जागेत ‘सीएमएमवर रोज तपासणी, पीपॅप लेव्हल ३ ची कागदपत्रं स्वतः तयार केली’ असं एक वाक्य मावलं असतं, आणि त्या वाक्यावर फोन गेला असता. फोटोचंही तसंच. चेहऱ्याकडे नजर आधी जाते, हा माणसाचा स्वभावच आहे. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी चेहऱ्याने काहीही ठरू नये, मग तीस थांब्यांतले पहिले दोन तिकडे का घालवायचे?

एवढ्यावर ‘एक रकाना चांगला, दोन रकाने वाईट’ असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण दोन चित्रांमध्ये एकाच वेळी पाच-सहा गोष्टी वेगळ्या होत्या. रकाने, रंग, फोटो, तारखांची जागा, सुरुवातीचा परिच्छेद. फरक कशामुळे पडला, हे त्यावरून सांगता येत नव्हतं. म्हणून आणखी दोन चित्रं केली. रंगीत मांडणीत दोन रकाने तसेच ठेवले, पण पट्टी उजवीकडे नेली, पांढरी आणि अरुंद केली. ऑब्जेक्टिव्ह काढून टाकलं. सध्याची नोकरी मोठ्या रकान्याच्या पहिल्या ओळीत आणली आणि तारीख त्याच ओळीच्या शेवटी ठेवली. दुसरीकडे साध्या मांडणीचा एकच रकाना ठेवून वर पाच ओळींचं ऑब्जेक्टिव्ह घातलं. त्याखाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद हे सगळं टाकलं, जसं आपल्याकडे अजून पुष्कळ बायोडेट्यांत असतं. नोकऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात गेल्या.

आता चित्र उलटलं. दुरुस्त केलेले दोन रकाने जवळजवळ पहिल्या साध्या पानाइतकेच लवकर वाचले गेले. आणि हा नवा साधा बायोडेटा चाचपडायला लावत होता, सध्याच्या कंपनीच्या प्रश्नात तर रंगीत टेम्प्लेटइतकाच. रकाने एक की दोन, याने फारसं बिघडत नव्हतं. सध्याची नोकरी पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात आहे का, आणि कंपनी, हुद्दा, तारीख हे तिन्ही एका नजरेच्या टप्प्यात आहेत का, यावर जवळपास सगळं अवलंबून होतं.

तारीख कशी लिहिली आहे, याचाही परिणाम दिसला. ‘०६/१९ – ०२/२२’ असं वाचून माणूस मनात आधी महिना काढतो, मग वजाबाकी करतो. ‘जून २०१९ – फेब्रुवारी २०२२’ हे लवकर वाचलं जातं, आणि पुढे ‘२ वर्षं ९ महिने’ लिहिलं असेल तर विचारच करावा लागत नाही. नुसती ‘२०१९–२०२२’ अशी वर्षं लिहिली की खंडाच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देताच येत नाही. उमेदवाराला वाटतं, मधले चार महिने झाकले गेले. आम्हाला ते झाकलेलंच दिसतं आणि शंका येते. घरी आईचं आजारपण होतं, परीक्षा द्यायची होती, प्लांट बंद पडला, अशी कारणं आम्ही रोज ऐकतो आणि समजून घेतो. एक ओळ लिहून टाकली तर प्रश्न तिथेच संपतो.

सगळं झाल्यावर सहज विचारलं, कुठला रेझ्युमे आवडला? बऱ्याच जणांनी मूळ रंगीतच दाखवला. ज्यांना त्यात तारीख सापडली नव्हती, त्यांनीसुद्धा. म्हणूनच मित्राला किंवा घरच्यांना ‘कसा दिसतोय?’ असं विचारून रेझ्युमे ठरवण्यात अर्थ नाही. ‘छान दिसतोय’ हे उत्तर खरं असतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

एक गोष्ट पडद्यावर कळली नाही, ती कागदावर कळली. कारखान्याच्या एचआरमध्ये मुलाखतीच्या दिवशी रेझ्युमे छापून शॉप फ्लोअरच्या मॅनेजरकडे देतात, तेही काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर. रंगीत पान तसं छापल्यावर निळी पट्टी काळीकुट्ट आली आणि तिच्यातली पांढरी बारीक अक्षरं टोनरने भरून गेली. फोन नंबर त्या पट्टीत होता. कालरेषेवरच्या फिकट करड्या तारखा जेमतेम उमटल्या. हे तपासायला प्रिंटरही लागत नाही, चित्रातला रंग काढून ते राखाडी करून बघितलं की पुरेसा अंदाज येतो.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बघणारे सगळे आमच्याच धंद्यातले होते आणि जागा एकाच प्रकारच्या होत्या. ग्राफिक डिझायनर निवडणारा माणूस मांडणीकडेच कामाचा नमुना म्हणून बघतो, त्याला हे लागू नाही. सात सेकंदांत माहिती सापडली म्हणजे माणूस योग्य आहे, असंही नाही. वेगाने बघताना मोठ्या कंपनीचं नाव डोळ्यांत भरतं आणि लहान कारखान्यात जास्त शिकलेला मुलगा मागे पडतो. त्यासाठी अनोळखी कंपनीच्या नावापुढे ‘ब्रेक कॅलिपरचे भाग, टिअर वन’ अशी अर्धी ओळ लिहिली तर उपयोग होतो. आणि चित्रावरची चाचणी फक्त माणसाच्या डोळ्याबद्दल सांगते. पोर्टलवर टाकलेल्या पीडीएफमधून सॉफ्टवेअर अक्षरं उचलतं, ते दोन रकाने आडवे वाचून एकात एक मिसळू शकतं. ते वेगळं तपासावं लागतं. पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा, ओळी क्रमाने आल्या तर बहुतेक वेळा चिंता नाही. आणि रेझ्युमेचं चित्र हे फक्त तपासायला, पाठवायला नाही. जेपीजी पाठवणारे उमेदवार अजून भेटतात आणि त्यांचा एक शब्दही शोधात सापडत नाही.

तुम्ही रेझ्युमे पाठवणार असाल, तर आधी त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तुमच्या नोकरीबद्दल ज्याला काही माहीत नाही, अशा कुणाला तरी तो मोबाइलवर पाच सेकंद दाखवा. मग मोबाइल बाजूला ठेवून विचारा, मी आत्ता कुठे काम करतो, कुठल्या पदावर, आणि कधीपासून? तीनही उत्तरं आली तर टेम्प्लेट रंगीत असो की साधं, पाठवून द्या. नाही आली, तर ती ओळ वर घ्या.